लेक म्हणते "तू सेम नलिनी आहेस", आता सीरियल बंद करू का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. लेक १४ वर्षांची आहे, सध्या तिला 'नेव्हर हॅव आय एव्हर'शिवाय दुसरं काही सुचत नाही. परवा गणिताच्या मार्कांवरून मी चार शब्द बोलले तर म्हणाली, "आई, तू सेम नलिनी आहेस" आणि खोलीचं दार आपटलं. मी ती सीरियल बघितलेली नाही. नवरा म्हणतो परदेशी टीव्हीवाले आपली फक्त टिंगल करतात, अकाउंटच बंद कर. जूनमध्ये सासूबाई सांगलीहून येतायत, त्यांच्यासमोर हे लागलं तर अजून एक विषय. बघू द्यायचं का नाही?

उत्तर: बंद करू नका. बंद केलं तर मैत्रिणीच्या फोनवर बघेल आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याआधी लेकीला एकच विचारा, "तू कितव्या सीझनवर आहेस?" हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, कारण नलिनी म्हणजे त्यातल्या मुलीची आई, आणि पहिल्या सीझनची नलिनी आणि तिसऱ्या सीझनची नलिनी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुम्हाला मिळाली ती शिवी होती का नाही ते त्यावर ठरणार.

तुम्ही बघितली नाहीये म्हणून घर कसं आहे ते सांगते. लॉस एंजेलिसच्या शर्मन ओक्स भागात राहणारं तमिळ कुटुंब आहे, विश्वकुमार आडनाव. देवी १५ वर्षांची, हुशार, तापट, तोंडाला येईल ते बोलणारी. वडील मोहन प्रेमळ, तिला 'कन्ना' म्हणणारे, टेनिसवाल्या जॉन मॅकेन्रोचे भक्त, म्हणून अख्खी गोष्ट मॅकेन्रोच्याच आवाजात ऐकू येते (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चुकून वेगळंच काहीतरी लागलंय). शाळेच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात देवी वाजवत असताना वडिलांना हार्ट अटॅक येतो आणि ते जातात. त्यानंतर पोरीचे पाय तीन महिने चालत नाहीत, शरीरात काही बिघाड नसताना. आई नलिनी त्वचारोगतज्ज्ञ आहे, स्वतःची प्रॅक्टिस सांभाळते, नवरा गेलाय, आणि घरात देवीची चुलत बहीण कमला पण राहते, कॅलटेकला पीएचडी करणारी, जिचं लग्न भारतातून ठरवायचं चाललंय.

म्हणजे बघा, पहिल्या सीझनमधली नलिनी ही दुःखातली बाई आहे जिला रडायला वेळ नाही, त्यामुळे ती ओरडते. मुलीला भारतात परत नेईन म्हणून धमकावते, आणि दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला खरंच चेन्नईला जायची तयारी पण करते, मग बेत फिरतो आणि उलट सासूच यांच्याकडे राहायला येते. तुमची लेक पहिल्या सीझनवर असेल तर "सेम नलिनी"चा अर्थ एवढाच की तू फक्त मार्कांचं बोलतेस, माझं ऐकत नाहीस. लागेल मनाला, पण ऐकून घ्या.

आता ज्या जागेसाठी ही सीरियल आयांनी बघावी असं मला वाटतं ती सांगते. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे भांडणात देवी आईला म्हणते की त्या रात्री बाबांऐवजी तू गेली असतीस तर बरं झालं असतं. मग घर सोडून वर्गातल्या बेनकडे जाऊन राहते. एवढं बघितलं की आपण म्हणतो काय ही पोरगी, तोंड फोडायला हवं. पण शेवटच्या भागात कळतं की वडील गेले त्याच दिवशी, कार्यक्रमाला जायच्या आधी, देवीने चिडून नोटेशनचे कागद भिरकावले होते आणि नलिनी नवऱ्याला म्हणाली होती की हिचं तू बघ, ही माझी मुलगी नाही. देवीने ते ऐकलेलं. काही तासांत वडील गेले आणि ते वाक्य तिच्यापाशी तसंच राहिलं, कुणी परत घेतलंच नाही. आपण तर रागाच्या भरात असं दिवसातून दोनदा बोलतो, "जा तुझ्या बाबाकडे, तुझं तूच निस्तर", आणि भाजी फोडणीला टाकली की विसरतो. शेवटी मालिबूच्या समुद्रावर अस्थी विसर्जन करताना दोघी एकमेकींशी धड बोलतात. हा दहावा भाग लेकीबरोबर बघा, आणि बघताना एक अक्षर बोलू नका, प्लीज. "बघ बघ, आईशी असं बोलतात का" एवढं जरी तोंडून निघालं तरी ती परत तुमच्याबरोबर बसणार नाही.

त्याच्या आधी चौथा भाग. त्यात गणेशपूजा आहे, आणि ती कुठे, तर एका शाळेच्या जिममध्ये! बास्केटबॉलच्या बोर्डाखाली गणपती. एडिसनला राहता म्हणजे तुम्हाला सांगायला नको, आपली मंडळं पण असाच हॉल घेतात आणि चप्पल कुठल्या दाराशी काढायची यावरून गोंधळ असतो. देवीला नको असताना नेसवलंय, बायका येऊन नको ते प्रश्न विचारतायत, नवरा नसलेली नलिनी पहिल्यांदाच एकटी मुलीला घेऊन आलीय. एका कोपऱ्यात जया नावाची बाई एकटी बसलीय, मुसलमान माणसाशी लग्न केलं म्हणून बाकीच्या तिला टाळतात, नंतर ते लग्न पण मोडलं. कमला तिच्याशी जाऊन बोलते, कारण तिचा स्वतःचा एक लपवलेला बॉयफ्रेंड आहे आणि आपलं पण असंच होणार का ही धास्ती. आणि देवीला भेटतो हरीश, कॉलेजला गेलेला जुना मित्र, पूर्वी दोघं मिळून या सगळ्याची टर उडवायचे. आता तो मनापासून येतो. का, तर त्याचा कॉलेजमधला रूममेट नेटिव्ह अमेरिकन आहे, त्याला आपल्या लोकांच्या नाचात भाग घेताना कधीच लाज वाटत नाही, मग मलाच का वाटते, असं त्याच्या मनात आलं.

हा भाग झाल्यावर देवीबद्दल विचारू नका. देवी म्हणजे तीच, ती लगेच सावध होईल. जयाबद्दल विचारा. "आपल्या मंडळात अशी कोणी आहे का गं, जिच्याशी कोणी बोलत नाही?" चौदा वर्षांच्या पोरींना सगळं माहीत असतं, कोणाच्या आईशी कोण बोलत नाही आणि का ते, ती जे सांगेल ते ऐकून तुम्हीच गार पडाल. तिसऱ्या माणसावरून सुरू झालेलं बोलणं हळूहळू घरावर येतं, थेट घरावरून सुरू केलं की दार आपटतं, ते तुम्ही बघितलंच आहे.

आणि तिसरा सीझन. देवीचा एक बॉयफ्रेंड होतो, देस, भारतीयच. त्याची आई राया म्हणजे नलिनीची नवी मैत्रीण, योगा वगैरे करणारी, एकदम मॉडर्न. ही राया देवीच्या मनावरचं ओझं बघून मुलाला गुपचूप सांगते की या मुलीशी तोड. नलिनीला कळतं तेव्हा ती जी काय त्या बाईला फैलावर घेते! मैत्री गेली तरी चालेल. पोरीच्या नावाने रोज ओरडणारी तीच बाई बाहेरच्याने एक शब्द काढला की वाघीण होते. तुमची लेक इथपर्यंत पोचली असेल ना, तर "सेम नलिनी"मध्ये थोडं कौतुक पण असू शकतं, दार आपटलं तरी.

काळजीचं पण सांगते. नेटफ्लिक्सवर याला TV-14 लिहिलंय आणि ते बरोबर आहे, पहिल्याच भागात देवी शाळेतल्या पॅक्स्टनला सरळ जाऊन सेक्सबद्दल विचारते. तेव्हा आजी सोफ्यावर नकोत. दुसऱ्या सीझनमध्ये अनिसा नावाच्या नव्या मुलीच्या खाण्याच्या आजारावरून शाळेत अफवा पसरते, ती देवीच पसरवते. तुमच्या घरात जेवणावरून कटकट चालू असेल तर ते भाग तिने एकटीने बघू नयेत. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर तूर्तास राहू दे.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांनी कॉलेजच्या दिवसांत किंवा पहिल्या नोकरीत 'सिम्पसन्स'मधल्या अपूवरून ऐकलं असणार, १९९० पासूनचं ते पात्र, किराणा दुकान चालवणारा अपू, आणि त्याला आवाज देणारा हँक अझारिया भारतीय नव्हताच. त्या उच्चाराची नक्कल ऑफिसात कोणीतरी तोंडावर करतं आणि आपण हसल्यासारखं करतो, हे त्या पिढीच्या बऱ्याच जणांनी सोसलंय. अझारियाने ते काम २०२० मध्ये सोडलं. हे लेकीला वडिलांनीच सांगावं, चिडून नाही, जेवताना.

त्यांच्यासाठी वेगळी शिफारस, 'मास्टर ऑफ नन'च्या पहिल्या सीझनचा दुसरा भाग, 'पेरेंट्स', २०१५ चा. वडील मुलाला म्हणतात माझा आयपॅड जरा बघून दे, मुलगा म्हणतो आत्ता नाही, मला सिनेमाला जायचंय. तिथेच गोष्ट मागे जाते, वडिलांचं भारतातलं लहानपण, मग अमेरिकेतल्या हॉस्पिटलमधले पहिले दिवस, आणि या पोराला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. आई-वडिलांची कामं मुलाचं काम करणाऱ्या अझीझ अन्सारीच्या खऱ्या आई-वडिलांनी केलीयत, त्यामुळे वडील जरा अवघडल्यासारखे बोलतात आणि तेच गोड वाटतं. बाकी सीरियल मोठ्यांची आहे, TV-MA, लेकीला तेवढा एकच भाग दाखवा आणि तो पण आधी स्वतः बघून. संपला की नवऱ्याला सांगा, व्हिसाचा पहिला इंटरव्ह्यू कसा झाला ते पोरीला सांग. सांगत बसले तर रात्रीचे बारा वाजतील.

एक गंमत राहिली. दुसऱ्या सीझनपासून देवीच्या शाळेत इंग्लिशचे सर येतात मनीष कुलकर्णी. हो, कुलकर्णी! कमला ठरलेल्या मुलाला सोडून यांच्या प्रेमात पडते, आणि आजीला ते पसंत नाहीत, कारण त्यांच्यात भारतीय असं काही उरलेलंच नाही. मराठी घरात हे ऐकून हसू येतं आणि जरा टोचतं पण.

आता सासूबाई. देवीची आजी निर्मला आधी कर्मठ वाटते, पण चौथ्या सीझनच्या शेवटी, २०२३ मध्ये, ती लेन नावाच्या अमेरिकन माणसाशी लग्न करते, अगदी थाटात. सांगलीच्या सासूबाई काय म्हणतील ते मी कशाला सांगू. पण त्यांना तो भाग दाखवायचा असेल तर तुम्ही आणि नवरा बाजूला बसू नका, मुलाच्या देखत त्या "काहीतरीच बाई" म्हणून उठून जातील. नातीबरोबर बसू दे, तीच भाषांतर करून सांगेल.