‘सक्रिय होणे’: ट्रिप्सिनोजेन आणि फॉस्फोरिलेज

प्रश्न: "‘ट्रिप्सिनोजेन सक्रिय होते’ आणि ‘फॉस्फोरिलेज सक्रिय होते’, दोन्हीकडे एकच क्रियापद चालेल का?"

चालेल. अडचण येते ती उलट बाजूला, ‘निष्क्रिय होते’ लिहिताना.

ट्रिप्सिनोजेन स्वादुपिंडात तयार होते आणि तिथे ते निष्क्रियच राहायला हवे. लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचल्यावर तिथल्या आवरणावरचे एंटेरोपेप्टिडेज हे विकर त्याच्या एका टोकाचा छोटा तुकडा कापते. माणसात तो आठ अमिनो आम्लांचा असतो. कापल्यामुळे मोकळे झालेले नवे टोक आत वळून रेणूतल्या एका अ‍ॅस्पार्टिक आम्लाला धरते आणि त्या पकडीने क्रियास्थळ नीट आकाराला येते. हे झाले ट्रिप्सिन. ते आणखी ट्रिप्सिनोजेन कापते, शिवाय कायमोट्रिप्सिनोजेनही.

तुटलेला तुकडा पुन्हा जोडणारे काहीही शरीरात नाही. म्हणून ‘ट्रिप्सिन निष्क्रिय होऊन ट्रिप्सिनोजेन बनते’ हे वाक्य चूक आहे. ट्रिप्सिनला रोधक प्रथिन चिकटून ‘रोखते’, किंवा ट्रिप्सिन कापले जाऊन ‘नष्ट होते’. हा फरक आजारात स्पष्ट दिसतो. ट्रिप्सिनच्या साखळीतल्या १२२व्या जागी आर्जिनिन असते आणि तिथे कापले गेले की ते निकामी होते. काही कुटुंबांत तिथे हिस्टिडिन असते. मग हा काप बसत नाही, स्वादुपिंडातच सक्रिय झालेले ट्रिप्सिन टिकून राहते आणि बहुधा लहानपणापासूनच स्वादुपिंडदाहाचे झटके येतात.

ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजचे तसे नाही. स्नायूंत ग्लायकोजेन फोडायची वेळ आली की फॉस्फोरिलेज कायनेज हे विकर एटीपीमधला फॉस्फेट गट काढून फॉस्फोरिलेजच्या १४व्या जागेवरच्या सेरीनला जोडते. त्याने निष्क्रिय ‘बी’ रूपाचे सक्रिय ‘ए’ रूप होते. काम संपल्यावर फॉस्फेटेज तो गट काढून टाकते आणि तोच रेणू ‘बी’ रूपात परततो. साखळी कुठेही तुटत नाही. खर्च होतो तो दर फेरीला एका फॉस्फेट गटामागे एका एटीपीचा. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकात हे उलगडले आणि १९९२चे नोबेल त्यांना मिळाले. इथे ‘निष्क्रिय होते’, ‘पुन्हा सक्रिय होते’ हे दोन्ही प्रयोग निर्धास्त वापरा.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘फॉस्फेट जोडून विकर सक्रिय होते’ असे सरसकट लिहू नका. ग्लायकोजेन तयार करणाऱ्या सिंथेजला फॉस्फेट जोडला की ते बंद पडते. ग्लायकोजेन फोडणे आणि बांधणे एकाच वेळी चालू राहिले तर एटीपी फुकट जाईल, म्हणून एकच संदेश एका विकराला चालू करतो आणि दुसऱ्याला बंद. त्यामुळे भाषांतरात आधी ‘फॉस्फेट जोडला जातो’ एवढेच लिहावे आणि परिणाम त्या त्या विकरानुसार वेगळ्या वाक्यात सांगावा.