वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान: अनुवाद करायचा, तसेच ठेवायचे की टीप द्यायची?

प्रश्न: "पाली सुत्तांचा मराठी अनुवाद करतेय. पाच स्कंधांच्या शब्दांपाशी अडले. वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे शब्द मराठीत आहेतच, पण अर्थ जुळत नाही. भाषांतर करू, तसेच ठेवू की टीप देऊ?"

स्कंध म्हणजे बुद्धाने माणसाचे जे पाच घटक सांगितले ते, रूप आणि तुम्ही दिलेले हे चार. तुम्ही अडलात ते बरं झालं, कारण बरेच जण इथे अडतच नाहीत, पाली शब्दाचं संस्कृत रूप करतात आणि मराठी झालं असं समजून पुढे जातात. ज्या शब्दाला मराठीत काहीच नाही तो तसा निरुपद्रवी असतो. 'निब्बान' दिसलं की वाचक आपोआप थांबतो, हे काहीतरी वेगळं आहे हे त्याला कळतं. 'विज्ञान' दिसलं की तो थांबतच नाही.

आता बघा, पालीत चक्खुविञ्ञाण आणि सोतविञ्ञाण असे शब्द येतात, म्हणजे डोळा आणि रूप एकत्र आले की जी जाणीव होते ती, कान आणि आवाज एकत्र आले की होते ती. त्याचं सरळ संस्कृत केलं की चक्षुर्विज्ञान आणि श्रोत्रविज्ञान, आणि मराठी वाचकाला वाटतं मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम चाललाय. किंवा पटिच्चसमुप्पादातली, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या साखळीतली, पहिली कडी घ्या, 'अविज्जापच्चया सङ्खारा'. हिचं 'अविद्येमुळे संस्कार होतात' असं केलं तर वाचक बुचकळ्यात पडतो की अडाणीपणामुळे चांगले संस्कार कसे काय होतील, आणि पुढे संस्कारांचा निरोध करायचा म्हटलं की आणखीनच गोंधळ, कारण आपल्याकडे संस्कार म्हणजे मुलांवर करायचे ते, नाहीतर मुंज-लग्न वगैरे सोळा. (विज्ञानाची तर आपल्याकडेच अजून एक तऱ्हा आहे, ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचं ज्ञान. म्हणजे तो शब्द मराठीतही एका जागी बसलेला नव्हता.)

माझा पहिला सल्ला म्हणजे नामाकडे बघायच्या आधी क्रियापद शोधा. संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात खज्जनीय सुत्त आहे, त्यात प्रत्येक स्कंधाला ते नाव का, हे क्रियापदानेच सांगितलंय. वेदना ही 'वेदियति' म्हणून वेदना, काय वेदियति तर सुख, दुःख आणि ना-सुख-ना-दुःख. सञ्ञा ही 'सञ्जानाति' म्हणून सञ्ञा, आणि उदाहरण दिलंय निळं, पिवळं, तांबडं, पांढरं. विञ्ञाण 'विजानाति' म्हणून विञ्ञाण, तिथे आंबट, कडू, तिखट, गोड अशा चवी येतात. सङ्खार हे घडवतात म्हणून सङ्खार. एवढं समोर आलं की मराठी आपोआप सुचायला लागतं, कारण ही सगळी क्रियापदं आपल्याकडे आहेत: अनुभवणं, ओळखणं, घडवणं, जाणणं. अडचण होती ती नामांची, क्रियांची नव्हतीच. त्यामुळे वाक्यात जिथे जमेल तिथे नाम मोडून क्रियापद वापरा, निम्मं काम तिथेच होतं.

पण यादीत नाम लागतंच, 'रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार, विञ्ञाण' ही पंचकडी दर दुसऱ्या सुत्तात येते, तिला क्रियापदांनी भागवता येत नाही. तिथे माझं मत असं की सञ्ञा, संखार आणि विञ्ञाण हे तीन पाली रूपातच ठेवावेत, संस्कृत करू नयेत. संज्ञा-संस्कार-विज्ञान लिहिलं की मराठी अर्थ येऊन बसतो, पण 'संखार' किंवा 'विञ्ञाण' लिहिलं की स्पेलिंगच वाचकाला सांगतं की बाबा हा तुझ्या ओळखीचा शब्द नाही, टीप बघ. लिप्यंतराचा खरा उपयोग हाच आहे, शब्द जरा परका दिसावा.

आणि इथेच 'वेदना' गोत्यात आणते, कारण पालीतही वेदना आणि मराठीतही वेदना, काना-मात्रेचा फरक नाही. लिप्यंतर केलं तरी वाचकाला ते लिप्यंतर आहे हे दिसतच नाही. अनत्तलक्खण सुत्तात, म्हणजे वाराणसीजवळच्या इसिपतनात पाच भिक्खूंना दिलेल्या उपदेशात, 'वेदना, भिक्खवे, अनत्ता' असं वाक्य आहे. त्याचं 'भिक्खूंनो, वेदना अनात्म आहे' केलं तर व्याकरण चोख, शब्द मूळचेच, आणि अर्थ निम्मा गळालेला. वाचकाला वाटतं, दुखणं म्हणजे मी नव्हे असं सांगताहेत, छान आहे, दिलासा आहे. प्रत्यक्षात सुत्ताचा भर तितकाच दुसऱ्या बाजूवर आहे, सुखही तू नव्हेस, ते धरून ठेवू नकोस. ही बाजू मराठी वाचकापर्यंत पोचतच नाही, आणि चूक दिसतही नाही कारण वाक्य सुरळीत वाचता येतं. चूक उघडी पडते ती पुढे जेव्हा 'सुखा वेदना' येते तेव्हा. 'सुखद वेदना' लिहिलं की भावगीतातल्या गोड वेदनेसारखं वाटतं, प्रेमात पडल्यावर होते तशी. म्हणून मी अशी कसोटी लावते: निवडलेल्या शब्दाला सुखद, दुःखद आणि ना-सुखद-ना-दुःखद ही तिन्ही विशेषणं लावून बघायची, एकाही ठिकाणी अडखळलं तर तो शब्द बाद.

जुन्या चिनी अनुवादकांचीही नेमकी इथेच ओढाताण झालेली दिसते. सुरुवातीच्या भाषांतरांत वेदनेसाठी 'दुखणं-खाजणं' अशा अर्थाची दोन अक्षरं जोडून वापरलेली सापडतात, म्हणजे एकट्या दुखण्यात भागत नव्हतं म्हणून खाज सोबत घेतली असावी, पण सुख काही त्यात बसलं नाही. पुढे कुमारजीव या अनुवादकाच्या काळात 'स्वीकारणं, घेणं' अशा अर्थाचं एकच अक्षर वापरात आलं आणि तेच टिकलं, कारण घेणं सुखाचंही असतं आणि दुःखाचंही. ह्युएन त्संगच्या नावावर एक नियम सांगतात की पाच प्रकारचे शब्द भाषांतर न करता आवाजानेच लिहावेत, त्यातला एक प्रकार म्हणजे ज्यात एकाच वेळी अनेक अर्थ आहेत असे शब्द, उदाहरण 'भगवत्'. गंमत म्हणजे 'संस्कार' इतका बहुअर्थी असूनही चिनीत त्याचं भाषांतरच झालं. म्हणजे नियम असूनही शेवटी शब्दागणिकच निर्णय घेतले गेले.

मग मराठीत वेदनेला काय? 'भावना' नको. एक तर भावना म्हणजे राग-लोभ, ते संखारांत जातात, आणि दुसरं म्हणजे पालीत 'भावना' हा स्वतंत्र पारिभाषिक शब्द आहे, ध्यानाचा अभ्यास अशा अर्थाचा, मेत्ताभावना वगैरे, त्यामुळे एक गोंधळ काढून दुसरा आत घेतल्यासारखं होईल. 'अनुभूती' तिन्ही विशेषणांच्या कसोटीत पास होते पण मराठीत तिला साक्षात्काराचा वास येतो. 'जाणीव' विञ्ञाणाच्या अर्थासाठी राखून ठेवलेली बरी. 'संवेदना' विपश्यनेच्या शिबिरांमुळे बऱ्याच लोकांच्या ओळखीची झालीय, 'सुखद संवेदना, दुःखद संवेदना' हे कानाला खटकत नाही, म्हणून मी तीच घेईन. तिची मर्यादा अशी की वाचक ती फक्त शरीरातली समजतो, मुंग्या येणं, गरम वाटणं अशी, पण सुत्तांत मानसिक वेदनाही आहे, सोमनस्स आणि दोमनस्स, मनाला बरं वाटणं आणि वाईट वाटणं. शिवाय 'कुटुंबियांना संवेदना कळवल्या' हा वर्तमानपत्री अर्थ आहेच, पण तो इथे कोणी लावणार नाही.

संखाराची गोष्ट अजून वेगळी, कारण तो पालीतच एका अर्थाने येत नाही. स्कंधांत तो घडवणारा असतो, मनाचे संकल्प-हेतू. धम्मपदातल्या 'सब्बे सङ्खारा अनिच्चा' मध्ये तो घडवलेला असतो, कारणांमुळे बनलेली प्रत्येक गोष्ट, त्यात डोंगरही आला. आणि चूळवेदल्ल सुत्तात कायसंखार म्हणजे चक्क श्वास-प्रश्वास. एकच मराठी शब्द सगळीकडे लावायचा हट्ट धरला तर कुठेतरी अर्थ मोडणारच. स्कंधांच्या यादीत 'संखार' ठेवा, धम्मपदात 'घडलेलं सगळं अनित्य आहे' असा सरळ अनुवाद करा, पण अशा जागी तळाला एका ओळीत सांगा की मुळात शब्द संखारच आहे. नाहीतर दोन जागांचं नातं वाचकाला कधीच कळणार नाही, आणि ते नातं महत्त्वाचं आहे, घडवणारंही शेवटी घडलेलंच आहे हे पालीत शब्दातच दिसतं.

टीप कशी लिहायची, तर पहिल्यांदा शब्द येईल तिथे, दोन-तीन वाक्यांची, आणि तिच्यात 'काय नाही' हे आधी. उदाहरणार्थ: "संवेदना: मुळात वेदना. मराठीतल्यासारखं फक्त दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला कुठलाही अनुभव, शरीराचा किंवा मनाचा." बस. मोठ्या टिपा कोणी वाचत नाही, आणि प्रत्येक वेळी कंसात मूळ शब्द देत बसलात तर पान वाचवत नाही. टीप मजकुरातच घुसवून 'वेदना म्हणजे सुख-दुःखात्मक अनुभव' असं प्रत्येक वाक्यात लांबवणंही टाळा, सुत्तांना पुनरुक्तीची लय असते, एकच वाक्य पाच स्कंधांसाठी पाचदा येतं, तिथे लांब शब्द आला की लय बसते धाब्यावर. 'रूपा'ला मात्र टीपच लागेल. खज्जनीय सुत्तात ते 'रुप्पति', म्हणजे थंडी, ऊन, भूक, तहान, डास यांनी पीडलं जातं, म्हणून रूप असा श्लेष आहे. तो मराठीत येत नाही, सोडून द्यायचा आणि तळाला सांगायचा.

टायपिंगचं एक. मराठीत 'सङ्खार'पेक्षा 'संखार' लिहा, अनुस्वाराची सवय आहे आपल्याला. 'विञ्ञाण'मधलं जोडाक्षर काही फॉन्टमध्ये फुटतं आणि मग लोक विज्ञाण, विन्नाण असं काहीही लिहितात, तेव्हा एक रूप ठरवून शेवटी सगळी फाइल सर्च करून बघा. लिंगही आधीच ठरवा, संखार पुल्लिंगी आणि बहुतेकदा अनेकवचनी, विञ्ञाण नपुंसकलिंगी, सञ्ञा स्त्रीलिंगी, नाहीतर तिसऱ्या पानावर 'ती विञ्ञाण' होऊन बसते.

आणि जो मजकूर म्हणण्यासाठी आहे, जसं अंत्यविधीला म्हणतात ती 'अनिच्चा वत सङ्खारा' ही गाथा, तिला हात लावू नका. ती पालीतच राहू दे, अनुवाद खाली वेगळा द्या.