पॅकेजमध्ये बाळ धरलेलं नसतं

दादा, डिलिव्हरीचा खर्च आरोग्य विम्यातून निघेल का विचारलंस, पण तुझी पॉलिसी गेल्या वर्षीची आणि मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड 24 महिन्यांचा, म्हणजे ही डिलिव्हरी खिशातूनच धर. वहिनींच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचार, तिथे ही अट बहुधा माफ असते.

आमचं नाशिकमधलं सिझरचं पॅकेज 75,000 चं होतं. त्यात बाळ नव्हतंच! बालरोगतज्ज्ञांचे 4,000 वेगळे. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, त्याचे 14,000. औषधांचे 5,000 धरून 98,000 झाले. मॅटर्निटी कव्हर लागू नसेल तर बाळाचाही क्लेम सहसा बसत नाही. बऱ्याच पॉलिसींत बाळ 90 दिवसांनंतरच जोडता येतं. म्हणून एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा, दिवसाचा दर आत्ताच लिहून घे आणि पाच दिवसांचे पैसे वेगळे काढ.