दाताचा ताप म्हणून कानाकडे दुर्लक्ष नको

प्रश्न: मुलगी १५ महिन्यांची, वजन १० किलो. दोन रात्री उजवा कान ओढून रडते, ताप १०२. सर्दी आधीपासून आहे. घरचे म्हणतात दाढ येतेय, कानात कोमट तेल सोड. काय करू? (सांगली)

उत्तर:

तेल सोडू नका. आणि १०२ ताप दाढेच्या नावावर खपवू नका. दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, मूल चिडतं, अंग किंचित कोमट लागतं, इतकंच. थर्मामीटर १००.४ च्या वर गेला की कारण दुसरीकडे शोधायचं. ‘दाताचा ताप आहे, उतरेल’ या एका वाक्यापायी आपल्याकडे कितीतरी पोरं दोन-तीन रात्री विनाकारण दुखणं काढतात.

पलूसकडच्या एका सव्वा वर्षाच्या पोराचं सांगतो. आधी चार दिवस सर्दी, मग ताप. दिवसा बऱ्यापैकी खेळायचं, रात्री पाळण्यात ठेवलं की किंचाळायचं, खांद्यावर उभं धरलं की गप्प. खरी खूण ही होती. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साचतं, त्याचा पू होतो आणि आडवं झालं की पडद्यावरचा ताण वाढतो. घरात मात्र ‘दात, दात’ चाललेलं आणि रोज रात्री लसूण घालून कढवलेलं तेल कानात. तिसऱ्या पहाटे पोर एकदम शांत झोपलं. सगळे म्हणाले, तेलाने गुण आला. उजाडल्यावर उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळट, चिकट डाग! पडदा फुटला होता. दाब सुटला म्हणून दुखणं थांबलं, तेलाचा त्यात काही संबंध नाही. उलट तपासताना तेल, मळ आणि पू यांचा असा चिखल झालेला की पडदा दिसेना. असं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं, पण तोवर कानात गेलेलं तेल-पाणी थेट मधल्या कानात उतरतं.

नुसता कान ओढणं हा मात्र पुरावा नाही. ताप नसेल, मूल खेळत-खात असेल, तर झोप आली म्हणून, मळामुळे किंवा दाढेची कळ कानापर्यंत जाते म्हणूनही ते कान ओढतं. कानाच्या पाळीला हात लावताच किंचाळलं तर बाहेरच्या नळीला सूज असू शकते, किंवा हरभऱ्याचा दाणा, मणी अडकलेला असतो. तो घरी काडीने काढायला जाऊ नका, आणखी आत जातो.

निदान पडदा बघूनच होतं. नुसता लाल पडदा पुरेसा नाही, रडण्याने आणि तापानेही तो लाल होतो. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पडदा फुगलाय का?’ फुगलेला, गढूळ पडदा म्हणजे मधल्या कानात पू.

आज रात्रीपुरतं पॅरासिटामॉल. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला १५० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीत. ५ मिलीत १२० वालं सिरप असेल तर सव्वासहा मिली, ५ मिलीत २५० वालं असेल तर ३ मिली, आणि १ मिलीत १०० वाले ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. ड्रॉप्स चमच्याने मोजून दिले तर डोस कितीतरी पट होतो, म्हणून लेबल वाचा आणि सिरिंजने मोजा. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, २४ तासांत चारच्या वर नको. झोपवताना उभं धरलं तर तिला बरं वाटेल. आडवं पाडून बाटलीने दूध पाजू नका.

अँटिबायोटिक प्रत्येक कानाला लागत नाही. दुखणं सौम्य आणि एकाच बाजूला असेल तर ४८ ते ७२ तास लक्ष ठेवून थांबता येतं. तुमच्या मुलीला दुखायला लागून दोन रात्री झाल्यात, त्यामुळे पडदा फुगलेला निघाला तर डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन देतील, या वयात साधारण १० दिवस. तिसऱ्या दिवशी पोर हसायला लागलं की बाटली फ्रीजमध्ये तशीच राहते. तसं करू नका. उलट तीन दिवसांत ताप हललाच नाही तर पुन्हा दाखवा.

आणि हो, कान स्वच्छ निघाला तर परत दातांवर येऊ नका. मुलींमध्ये अशा तापात लघवीची तपासणी करून घ्यावी, लघवीचं इन्फेक्शन कधी कधी तिथेच सापडतं.

कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूला वाकणं, मान ताठ, सारख्या उलट्या, किंवा ताप उतरूनही मूल सुस्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. सांगली-मिरजेत रात्रीही कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठता येतं, तिथेच जा.