ऑर्डरिंग कॉस्ट आणि कॅरिंग कॉस्ट: झेरॉक्सच्या दुकानाचा खरा हिशोब

प्रश्न: कॉलेजजवळ झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. ए-फोर कागद महिन्याला साधारण १०० रिम लागतो, रिम २३० ला पडते. ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की वर्षाचा खर्च सगळ्यात कमी पडतो तो आकडा, काढायला बसलो तर ऑर्डरिंग कॉस्ट दर ऑर्डरमागे ११०० आली (पोराचा पगार, फोन, टेम्पो सगळं धरून), कॅरिंग कॉस्ट, म्हणजे माल साठवून ठेवायचा वर्षाचा खर्च, व्हिडिओत सांगतात तशी किमतीच्या २५ टक्के धरली. बरोबर आहे का?

उत्तर:
माझं पण झेरॉक्सचंच दुकान आहे, आणि सुरुवातीला मीही पगार असाच वाटून टाकला होता. आता मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारतो: वर्षात एक ऑर्डर कमी केली तर गल्ल्यात किती रुपये जास्त राहतील? पोराचा पगार एक रुपयानेही कमी होणार नाही, फोनचा रिचार्ज तोच राहणार, म्हणजे दोन्ही बाद.

मग उरतं काय, तर टेम्पोचे ३०० रुपये, आणि माल उतरवून मोजेपर्यंत तासभर एक मशीन बंद राहतं तेवढ्या वेळातला बुडालेला नफा, माझ्याकडे तो १०० च्या आसपास जातो. झाले ४०० रुपये. हमाली बॉक्समागे असेल तर ती इथे धरायची नाही, कारण वर्षाला बॉक्स तेवढेच येणार, दोन खेपांत आणा नाहीतर वीस खेपांत. पण तुम्ही स्वतः दुकान बंद करून माल आणायला जात असाल तर त्या वेळेतला बुडालेला नफा जरूर धरा, विक्री नाही हां, नफा.

कॅरिंगलाही तसंच, दहा रिम कमी ठेवल्या तर काय वाचेल? दुकानाचं भाडं वाचत नाही. कागदासाठी वेगळी खोली घेतली असेल, किंवा त्या जागेत दुसरा विकता येणारा माल बसत असेल, तरच जागेचा खर्च लावायचा. पैशाचं व्याज मात्र नक्की लागतं: बँकेचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं वापरत असाल तर बँक जो दर लावते तो, नसेल तर तुमचं जे सगळ्यात महाग कर्ज आधी फेडता आलं असतं त्याचा दर. मी १२ टक्के धरतो, म्हणजे रिममागे वर्षाला साधारण २८ रुपये. व्यापारी महिन्याची उधारी देतो म्हणून व्याज शून्य धरू नका, रोखीला तो २ टक्के सोडत असेल तर ती उधारी महिन्याला २ टक्क्यांनी घेतलेली आहे, सीसीपेक्षा महाग.

नासाडी लोक विसरतात किंवा अंदाजाने ठोकून देतात. मागच्या वर्षी माझ्या चार रिम दमट झाल्या, मशीनमध्ये सारख्या अडकायच्या, शेवटी रफ कागद म्हणून निम्म्या भावात गेल्या, नुकसान ४६०. सरासरी साठा ६० रिमचा होता, म्हणजे साठवलेल्या रिममागे वर्षाला ८ रुपये. उतरवताना फाटलेली रिम यात घेतली नाही, ती साठवल्यामुळे गेली नव्हती ना. एकूण ३६.

आता वर्षाचा खप १२०० गुणिले ऑर्डर खर्च ४०० गुणिले २, भागिले ३६, त्याचं वर्गमूळ १६३, म्हणजे सोळा बॉक्स (दहा रिमचा बॉक्स धरून). तुमचे २५ टक्के, म्हणजे ५७.५ रुपये, टाकले तर १२९ येतात, आणि गंमत अशी की १२९ ने मागवलं तरी वर्षाचा खर्च जेमतेम १६० रुपयांनी वाढतो. सूत्र इतकं सपाट आहे की ३६ की ४० यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

पण ११०० तसेच ठेवून फक्त कॅरिंग दुरुस्त केलंत तर आकडा २७१ वर जातो आणि वर्षाला पावणेआठशे फुकट जातात, वर पावणेतीन महिन्यांचा कागद दुकानात पडून. आत्ता तुमच्या दोन्ही चुका एकमेकींना कापताहेत, २१४ येतंय, म्हणून उत्तर बरं वाटतंय इतकंच.

पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक खेपेला बिलाच्या मागे तीनच गोष्टी लिहा: टेम्पोचे पैसे, मशीन किती वेळ बंद होतं, आणि खराब निघालेल्या रिम कशामुळे गेल्या. महिनाअखेरीला आठवून लिहिलं की आकडे आपल्याला हवे तसे येतात, स्वानुभव.

अजून एक, हे सगळं खप सारखा राहतो असं धरून आहे. सबमिशनच्या महिन्यात दुप्पट जात असेल तर तेवढ्यापुरता खप दुप्पट धरून परत काढा. आणि माझी नासाडी जवळपास सगळी पावसाळ्याच्या चार महिन्यांतलीच असते, म्हणून तेव्हा ८ च्या जागी २४ धरतो, मग १३६ येतं, तर जून ते सप्टेंबर मी तेरा बॉक्सवर थांबतो आणि तेही फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.