एक-बिट एएलयू: नको असलेलं गेट बंद कसं करायचं?

प्रश्न: सोलापुरात डिप्लोमाला आहे. ब्रेडबोर्डवर बेरीज, अँड, ऑर अशी तिन्ही सर्किटं वेगवेगळी नीट चालतात. तिघांची आउटपुट एका एलईडीला जोडली तर निकाल चुकतो आणि चिप तापते. कंट्रोल लाइनने नको असलेलं गेट बंद कसं करायचं?

उत्तर: कुठलंच गेट बंद करायचं नाही. तिन्ही उत्तरं कायम तयार होऊ दे, त्यातलं कुठलं बाहेर सोडायचं एवढंच कंट्रोल लाइन ठरवते.

आता तुझ्याकडे काय होतंय ते बघ. दोन्ही इनपुट १ आणि कॅरी ० असताना अँड १, ऑर १, पण बेरीज ०. साध्या टीटीएल गेटचं आउटपुट शून्याकडे जोरात ओढतं आणि वर ढकलताना कमी पडतं, त्यामुळे तो एकटा शून्य बाकीच्या दोघांना खाली खेचतो. या भांडणातला करंट चिपमध्येच जिरतो. आपल्याकडे मे महिन्यात सगळंच गरम लागतं म्हणा, पण हे तापणं उन्हाचं नाही. आधी त्या जोडण्या काढ.

मग 74LS153 आण. त्यात चारातून एक निवडणारे दोन मल्टिप्लेक्सर असतात, तुला एक पुरतो. गेटंही वाचतात, कारण फुल अॅडरमध्ये अँड आधीच आहे:

```
p = a XOR b
g = a AND b
sum  = p XOR cin
cout = g OR (p AND cin)
```

म्हणजे `g` हेच अँडचं उत्तर. ऑरसाठी फक्त एक जादा गेट लागतं.

`g` पिन ६ ला, ऑर पिन ५ ला, `sum` पिन ४ ला दे, पिन ३ ग्राउंड कर. क्रम उलटा आहे, इथे बरेच जण फसतात. पिन १ हा एनेबल, तोही ग्राउंडला. उत्तर पिन ७ वर. निवडीचा मोठा बिट पिन २, लहान पिन १४. आता `00` म्हणजे अँड, `01` ऑर, `10` बेरीज.

निवडीच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर अँड बरोबर येतो, पण ऑर आणि बेरीज जागा बदलतात. `a=1, b=0, cin=0` ने हे कळणार नाही, दोन्हींचं उत्तर १ येतं. `a=1, b=1, cin=0` लाव: ऑर १ आणि बेरीज ० आलीच पाहिजे. `cin` मात्र ग्राउंडलाच जोड. मोकळा सोडलास तर एलएस चिप त्याला १ समजते आणि इथे बेरीजही १ दाखवते.

अँड निवडलेला असतानाही `cout` चा एलईडी पेटेल. अॅडर चालूच आहे, म्हणून. पुढच्या बिटच्या स्लाइसला त्याने फरक पडत नाही, कारण अँड-ऑर कॅरीकडे बघतच नाहीत. कॅरी फ्लॅग म्हणून वापरणार असशील तरच `cout` आणि निवडीचा मोठा बिट एका अँड गेटमधून काढ. तुझ्या 7408 मध्ये चारपैकी दोन गेटं रिकामीच आहेत.