कंपनीच्या निकालात YTD आणि QoQ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: एसी बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर घेतलेत. सप्टेंबर तिमाहीच्या निकालात विक्रीपुढे QoQ वजा ५० टक्के आणि YTD अधिक १० टक्के असं लिहिलंय. या दोन्हींचा अर्थ काय? कंपनीचा धंदा निम्म्यावर आला की वाढला?

उत्तर:

QoQ म्हणजे क्वार्टर ऑन क्वार्टर. या तिमाहीची तुलना तिच्या लगेच आधीच्या तिमाहीशी केलेली असते, म्हणजे तुमच्या निकालात जुलै-सप्टेंबरची एप्रिल-जूनशी. YTD म्हणजे इयर टू डेट, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून या तारखेपर्यंतची बेरीज. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरच्या निकालातला वायटीडी आकडा सहा महिन्यांचा असतो आणि त्याची टक्केवारी गेल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी ताडून काढलेली असते.

एक खबरदारी आधीच सांगतो. शेअरच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर भावापुढे YTD दिसतं, ते बहुतेक ठिकाणी १ जानेवारीपासूनचं असतं. कंपनीच्या निकालातलं १ एप्रिलपासूनचं. परदेशी कंपनी असेल तर तिसरंच. अॅपलचं आर्थिक वर्ष सप्टेंबरच्या शेवटी संपतं, म्हणजे त्यांचा वायटीडी साधारण ऑक्टोबरपासून मोजला जातो. तेव्हा अॅपवरचा वायटीडी आणि निकालातला वायटीडी शेजारी ठेवून काही ठरवू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या कंपनीचे खरे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून तुमच्या टक्क्यांशी जुळतील असे गोल आकडे धरतो. समजा, यंदा एप्रिल-जूनमध्ये विक्री ९०० कोटी झाली आणि जुलै-सप्टेंबरमध्ये ४५० कोटी. गेल्या वर्षी याच दोन तिमाह्यांत ती अनुक्रमे ७५० आणि ४८० कोटी होती.

क्यूओक्यू काढताना ४५० मधून ९०० वजा करायचे आणि ९०० ने भागायचं: वजा ५० टक्के. वायटीडीसाठी यंदाची सहा महिन्यांची बेरीज १,३५० आणि गेल्या वर्षीची १,२३०. फरक १२० कोटींचा, म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच कंपनीचे आहेत.

वजा ५० बघून घाबरायचं कारण नाही. एसीची विक्री उन्हाळ्यात होते, पावसाळ्यात ती पडणारच. जानेवारी-मार्चमध्ये दुकानदार माल भरून ठेवतात, एप्रिल-जूनमध्ये गिऱ्हाईक येतं, आणि जुलैपासून सगळं थंडावतं. दरवर्षी हेच होतं. गेल्या वर्षीसुद्धा ७५० वरून ४८० वर, म्हणजे ३६ टक्के घसरण झालीच होती. हंगामी धंद्यात क्यूओक्यू बऱ्याच अंशी ऋतू बदलल्याचंच सांगतो, कंपनीबद्दल फार कमी.

पण अधिक १० बघून निश्चिंत व्हावं असंही नाही, आणि माझ्या मते तुमच्या निकालात खरी पाहण्यासारखी जागा हीच आहे. या तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. त्याला YoY, इयर ऑन इयर म्हणतात. ४८० चे ४५० झाले, म्हणजे सव्वासहा टक्के घट. एप्रिल-जूनमध्ये विक्री २० टक्क्यांनी वाढली होती, आणि त्या वाढीने पुढच्या तिमाहीतली घट बेरजेत झाकली गेली. वायटीडीचा हा स्वभावच आहे: त्यात जुने महिने मिसळलेले असतात, त्यामुळे नुकतीच सुरू झालेली मंदी त्यात उशिरा दिसते. डिसेंबरच्या निकालात तो नऊ महिन्यांचा होईल, तेव्हा ताज्या तिमाहीचं वजन आणखी कमी होईल.

अशा घटीचं कारणही शोधावं लागतं, कारण कधी कधी तेही तात्पुरतं असतं. २०२५ सालचं उदाहरण घ्या. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर कमी होणार हे त्याच्या आधीच जाहीर झालं होतं, तेव्हा ज्यांना थांबता येत होतं ते गिऱ्हाईक थांबलं. साहजिकच त्या सप्टेंबर तिमाहीला गेल्या वर्षीशी ताडलं तरी आकडा वाकडाच दिसतो. अशी कारणं टक्केवारीत दिसत नाहीत. निकालासोबतच्या टिपांत किंवा व्यवस्थापनाच्या निवेदनात ती शोधावी लागतात.

हे आकडे कुठे मिळतील तेही सांगतो. कंपनी शेअर बाजाराला जो तक्ता पाठवते, त्याचा नमुना सेबीने ठरवून दिलेला आहे. सप्टेंबर आणि डिसेंबरच्या निकालात त्यात सहा रकाने असतात: ही तिमाही, आधीची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही, मग यंदाची वायटीडी बेरीज, गेल्या वर्षीची वायटीडी बेरीज आणि शेवटी गेलं पूर्ण वर्ष. वायटीडीच्या रकान्यावर बऱ्याचदा ते शब्द नसतातच. ‘हाफ इयर एंडेड’ किंवा ‘नाइन मंथ्स एंडेड’ असं लिहिलेलं असतं. जूनच्या निकालात हे दोन रकाने नसतात, कारण तेव्हा तिमाही आणि वायटीडी एकच. टक्केवाऱ्या या तक्त्यात सहसा नसतात. त्या कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात किंवा गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात असतात, आणि तिथे कोणती टक्केवारी ठळक छापायची हे कंपनी ठरवते. म्हणून मी तक्ता आधी उघडतो, पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याचा भागाकार स्वतः करतो आणि मगच पत्रक वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे.

क्यूओक्यू निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. आयटी कंपन्यांची कामं वर्षभर चालू असतात, तिथे लागोपाठच्या दोन तिमाह्यांची तुलना बरंच काही सांगते. बँकेतही तसंच. कर्ज, ठेवी, थकीत कर्जं हे एका तारखेचे शिल्लक आकडे असतात. ३० जूनला थकीत कर्जं किती होती आणि ३० सप्टेंबरला किती झाली, हे क्यूओक्यूतच लवकर कळतं. अशा शिल्लक आकड्यांपुढे YTD असेल तर ती बेरीज नसते. ३१ मार्चपासून शिल्लक किती बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

मार्चच्या निकालात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिथे क्यूओक्यू बऱ्याचदा फसवतो. मार्च तिमाहीचे आकडे म्हणजे बाकी असते: पूर्ण वर्षाचे लेखापरीक्षण झालेले आकडे घ्यायचे आणि त्यातून डिसेंबरपर्यंतचे नऊ महिन्यांचे प्रसिद्ध झालेले आकडे वजा करायचे. निकालाखालच्या टिपांत ‘बॅलन्सिंग फिगर्स’ असे शब्द हमखास सापडतील.

समजा, नऊ महिन्यांचा नफा १२० कोटी आहे, दर तिमाहीला ४०. वर्षअखेरीला हिशेब तपासताना असं ठरलं की काही जुनी येणी बुडीत धरायला हवीत, आणि त्यासाठी २५ कोटींची तरतूद केली. कर बाजूला ठेवू. पूर्ण वर्षाचा नफा १३० कोटी आला, म्हणजे मार्च तिमाहीच्या वाट्याला १० कोटी. क्यूओक्यू वजा ७५ टक्के! येणी थकत होती वर्षभर, पण तरतुदीचा सगळा भार शेवटच्या तीन महिन्यांवर पडला. ती बाजूला काढली तर त्या तिमाहीचा नफा ३५ कोटी होता. मार्चमध्ये असा मोठा खड्डा किंवा अचानक उडी दिसली, तर आधी खर्चाच्या ओळी आणि टिपा बघा. उलट, नफा वाढवणारी दुरुस्तीही अशीच एका तिमाहीत येऊन बसू शकते.

शेवटचा मुद्दा ईपीएसचा, म्हणजे प्रति शेअर नफ्याचा. वायटीडीच्या रकान्यात तोही असतो आणि त्या ओळीत बारीक अक्षरात ‘नॉट अॅन्युअलाइज्ड’ लिहिलेलं असतं. अर्थ असा की तो आकडा तेवढ्याच महिन्यांचा आहे, बारा महिन्यांत बदललेला नाही. भावाला या आकड्याने भागून पीई काढला की शेअर उगाच महाग दिसतो. हंगामी कंपनीत सहा महिन्यांचा आकडा दुप्पट करणंही चालत नाही, कारण दोन सहामाह्या सारख्या नसतात.

बारा महिन्यांचा खरा आकडा त्याच तक्त्यातून निघतो. यंदाचा वायटीडी घ्या, त्यात गेलं पूर्ण वर्ष मिळवा आणि गेल्या वर्षीचा वायटीडी वजा करा. समजा, डिसेंबरच्या निकालात यंदाच्या नऊ महिन्यांचा ईपीएस १८ रुपये आहे, गेल्या पूर्ण वर्षाचा २२ आणि गेल्या वर्षीच्या नऊ महिन्यांचा १५. मग १८ अधिक २२ वजा १५, म्हणजे २५ रुपये. हा जानेवारी ते डिसेंबर या मागच्या बारा महिन्यांचा ईपीएस झाला. त्याला टीटीएम म्हणतात. शेअर ५०० रुपयांना असेल तर १८ ने भागून पीई जवळजवळ २८ येतो, आणि २५ ने भागून २०. मधल्या काळात बोनस शेअर दिले असतील किंवा शेअरचं विभाजन झालं असेल, तर तिन्ही आकडे नव्या शेअरसंख्येवर आणलेले आहेत ना, हे टिपांत पाहून मगच ही बेरीज-वजाबाकी करा.